पाड्याची ग्रामसभा पाड्यातच भरू द्या

प्रति,
मा. प्रधान सचिव, ग्रामविकास विभाग,
मा. सचिव, आदिवासी विकास विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि अनुसूचित क्षेत्र असलेल्या जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकारी

विषय : गट ग्रामपंचायतीची एकत्रित सभा ही ‘पेसा ग्रामसभा’ म्हणून स्वीकारणे थांबवण्याबाबत

महोदय,

अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या आदिवासी भागातल्या, बहुतेक गट ग्रामपंचायतींत (अनेक गावे-पाडे मिळून एकच पंचायत असलेल्या ठिकाणी) आजही मोठ्या गावात एकच ग्रामसभा भरते. तिचे ठराव एकाच प्रोसिडिंग वहीत लिहिले जातात. मग वरून विचारणा झाली की तेच ठराव ‘पेसा ग्रामसभेचे ठराव’, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याखालचे ठराव, म्हणून तालुक्याला आणि जिल्ह्याला पाठवले जातात, आणि आपली कार्यालये ते स्वीकारतात. हे पत्र त्या स्वीकारण्याबद्दल आहे. ते उघडपणे लिहितो आहोत, कारण ज्या पाड्यांच्या नावाने हे ठराव होतात त्यांनाही आपला हक्क नेमका काय आहे ते कळायला हवे.

आम्ही अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांबरोबर त्यांच्या नोंदी, आराखडे, सामूहिक वनहक्काचे दावे आणि तेंदूचे करारनामे यांवर काम करणारे कार्यकर्ते आहोत. त्यातले काही त्याच पाड्यांचे मतदार आहेत. पेसाची अंमलबजावणी कुठे अडते हा प्रश्न आमच्यासाठी चर्चेचा नाही. पाड्याचे पाणी, जंगल आणि जमीन यांचा निर्णय कुणाच्या सहीने होतो, हाच तो प्रश्न आहे.

आधी कायदा काय सांगतो ते मांडतो, कारण पुढची प्रत्येक तक्रार त्यावर उभी आहे.

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान दिले. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. सर्वसाधारण क्षेत्रात ग्रामपंचायतीला कोणते अधिकार द्यायचे हे अनुच्छेद २४३-छ नुसार राज्य विधिमंडळ ठरवते. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण त्यांतले किती सोपवायचे आणि किती हातात ठेवायचे हा राज्याचा अधिकार आहे. ग्रामसभेचेही तसेच आहे : राज्याचा कायदा देईल तेवढे अधिकार. म्हणजे पुणे किंवा सांगली जिल्ह्यातल्या बिगर-अनुसूचित गावात ग्रामसभा लाभार्थी निवडते, अंदाजपत्रकावर बोलते, कारभाराचा जाब विचारते. हे अधिकार मोलाचेच आहेत, पण ते राज्याने दिलेले आहेत आणि राज्य ते कमीजास्त करू शकते.

अनुसूचित क्षेत्राला मात्र अनुच्छेद २४३-ड ने हा सगळा भाग आपोआप लागू होऊ दिला नाही. तो संसदेने काही बदल करूनच लागू करावा, असे ठरले. दिलीपसिंह भुरिया समितीने १९९५ साली शिफारशी केल्या आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा कायदा अमलात आला. त्याच्या कलम ४ ची सुरुवातच अशी आहे की पुढील बाबींशी विसंगत असा कोणताही कायदा राज्य विधिमंडळ करणार नाही. सर्वसाधारण ग्रामपंचायत कायद्यात राज्य हे देणारे असते. इथे राज्याच्या हातालाच मर्यादा घातली आहे. जुन्या विसंगत तरतुदी बदलायला कलम ५ ने एक वर्ष दिले होते. ती मुदत डिसेंबर १९९७ मध्ये संपली. महाराष्ट्राचे पेसा नियम आले ते मार्च २०१४ मध्ये.

आता कलम ४ मधली जी गोष्ट सर्वांत आधी यायला हवी आणि सर्वांत आधी विसरली जाते, ती म्हणजे गाव कशाला म्हणायचे. खंड (ख) सांगतो की सामान्यतः एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, एखादा पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे एक समाज राहतो आणि आपल्या रूढी-परंपरेनुसार आपला कारभार पाहतो, ते गाव. खंड (ग) सांगतो की अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा असेल. महसुली गाव, गट ग्रामपंचायत किंवा प्रभाग यांचा त्यात उल्लेख नाही. वनहक्क कायदा, २००६ नेही अनुसूचित क्षेत्रासाठी गावाची हीच व्याख्या घेतली आहे. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांतला फरक इथे कामाच्या वाटणीपुरता नाही. ग्रामपंचायत चार-पाच पाड्यांची एक असू शकते, ग्रामसभा मात्र प्रत्येक पाड्याची वेगळी. अधिकार त्या वेगळ्या ग्रामसभेला आहेत, आणि वरच्या पातळीवरच्या पंचायतींनी ते आपल्याकडे ओढून घेऊ नयेत यासाठी कलम ४ चा खंड (ढ) मुद्दाम घातला आहे.

पाड्यांची सभा मोठ्या गावात भरवली की यातले काय उरते, ते एका हिशेबाने दाखवतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण अशी रचना कोणत्याही आदिवासी तालुक्यात सापडेल. मोठ्या गावात ९०० मतदार आहेत. चार पाड्यांत २५०, २००, १५० आणि १००. एकूण १,६००. महाराष्ट्रात सर्वसाधारण ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. १,६०० चे १५ टक्के २४० होतात, म्हणून १०० माणसे पुरतात. हे शंभरही जण मोठ्या गावातले असले तरी सभा कायदेशीर ठरते. शंभर जमले नाहीत आणि सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे २०० मतदारांच्या पाड्यावरचा एक माणूसही हजर नसताना त्या पाड्याच्या पाण्याचा, गौण खनिजाचा किंवा जमिनीचा ठराव होऊ शकतो आणि कागदावर त्यात काहीही चूक दिसत नाही.

आता त्याच पाड्याची ग्रामसभा वनहक्क नियमांप्रमाणे भरवून पाहा. २०१२ च्या सुधारणेनंतर गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आहे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. पाड्यात २०० प्रौढ असतील तर १०० जण जमले पाहिजेत, त्यांत किमान ३४ बायका. ही सभा पाड्यातल्या झाडाखालीच भरू शकते, कारण पाच-सात किलोमीटर चालून, रोजगार बुडवून निम्मा पाडा मोठ्या गावात येणार नाही. पाड्यात मात्र संध्याकाळी तो जमतो. आपल्या कार्यालयांना ‘लोक ग्रामसभेला येत नाहीत’ असे वाटते. प्रश्न बहुतेक वेळा सभेची जागा आणि वेळ यांचा असतो.

या पायावर आमच्या तक्रारी अशा आहेत.

पहिली, पाड्यांना गाव म्हणून घोषित करण्याचे प्रस्ताव पडून राहतात. २०१४ च्या नियमांत रस्ता सरळ आहे. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी वेगळे गाव हवे असा ठराव करायचा, तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा, त्यांनी ठरलेल्या मुदतीत पडताळणी करायची, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे जायचा आणि अधिसूचना निघायची. व्यवहारात तो चार ठिकाणी अडकतो. मतदारयादी प्रभागवार असते, पाडावार नसते, त्यामुळे ‘निम्मे मतदार’ म्हणजे किती, यावरच वाद घातला जातो. पाड्याची पारंपरिक शीव महसुली नकाशावर नसते, म्हणून ‘हद्द स्पष्ट नाही’ असा शेरा येतो. खरे तर ती शीव पाड्यातल्या जुन्या माणसांना ओढा, टेकडी, देवाचे झाड यांवरून पक्की माहीत असते आणि सामूहिक वनहक्काच्या दाव्यात तीच शीव आपल्याच यंत्रणेने मान्य केलेली असते. तिसरे म्हणजे प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ‘ना हरकत’साठी परत पाठवला जातो. ही सर्वांत चुकीची गोष्ट आहे, कारण नियमांनी ठराव करायचा हक्क पाड्यातल्या मतदारांना दिला आहे, आणि ज्या पंचायतीच्या हातातून विषय जाणार तिचीच संमती मागणे म्हणजे तो हक्क परत काढून घेणे. चौथे, मुदत उलटली तरी काय झाले हे पाड्याला कळवले जात नाही. पोहोच नसलेला अर्ज दिलेल्या पाड्याला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून पाड्यांनी ठराव देताना दोन प्रती न्याव्यात, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी, आणि मतदारांची पाडावार यादी सह्या-अंगठ्यांसह आधीच जोडावी.

प्रत्येक पाडा वेगळा व्हायलाच हवा, असे आम्ही म्हणत नाही. पंधरा घरांच्या एखाद्या वस्तीला शेजारच्या पाड्याबरोबरच राहायचे असते, कारण देव एक, पाणवठा एक, जंगल एक. कायद्याने ‘पाड्यांचा समूह’ असे त्यासाठीच म्हटले आहे. पण ते त्या वस्तीने ठरवायचे आहे. आणि वेगळी ग्रामसभा झाली म्हणजे त्या गावातले बिगर-आदिवासी तिच्याबाहेर जातात, ही भीतीही निराधार आहे. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण त्या ग्रामसभेचा सदस्य असतो.

दुसरी तक्रार प्रोसिडिंग वहीची. खरी ग्रामसभा झाली की नाही, हे तपासायला आपल्या अधिकाऱ्यांना फार काही करावे लागत नाही. वही उघडावी. चार पाड्यांचे ठराव एकाच वहीत, एकाच तारखेला, ओळीने असतील, तर चारही सभा झालेल्या नाहीत. हजेरीच्या सह्या आधी आणि ठराव नंतर लिहिला असेल, सह्यांच्या वर मोकळी जागा सोडून ती वेगळ्या शाईने भरली असेल, तर तो ठराव नंतर बसवलेला आहे. महत्त्वाचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात आला असेल, तर तो अजेंड्यावर नव्हता आणि दवंडीतही नव्हता. सूचक-अनुमोदक म्हणून तीच दोन नावे पानामागून पानावर येत असतील, तर बाकीच्यांनी तोंड उघडले नव्हते किंवा ते तिथे नव्हतेच. या खुणा तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्याला आमच्यापेक्षा चांगल्या कळतात. तरीही अशा ठरावांवर पुढचे आदेश निघतात. ग्रामसेवकांवर, आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर, सगळा दोष टाकावा असेही आम्हाला वाटत नाही. एकाच माणसाकडे दोन-दोन पंचायती, त्यांत आठ-दहा पाडे, आणि वरून ‘अमुक तारखेपर्यंत ठराव पाठवा’ असा निरोप. अशा वेळी तो एकच सभा घेणार. म्हणून तारीख वरून ठरवणे थांबले पाहिजे, आणि पाड्याने आपल्यातूनच निवडलेल्या लिहित्या माणसाने नोंद ठेवली तर ती ग्राह्य धरली पाहिजे.

तिसरी तक्रार पैशांची, आणि इथे फरक आकड्यांतच दिसतो. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट, अबंध स्वरूपात मिळतो. तो पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन व जलसंधारणासारखी कामे अशा गटांत खर्च करायचा असतो. देशातल्या पेसा राज्यांत हे चांगले पाऊल होते, आणि ते उचलल्याबद्दल शासनाला श्रेय दिलेच पाहिजे. हा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात येतो आणि पंचायतीत एकाहून अधिक पेसा गावे असतील तर प्रत्येकाचा वाटा त्याच्या ग्रामसभेने ठरवलेल्या कामावर जायला हवा.

वरचीच पंचायत घेऊ. लोकसंख्या २,४०० धरू : मोठे गाव १,३५०, पाडे ३७५, ३००, २२५ आणि १५०. वर्षाला ६ लाख रुपये आले असे समजू. माणशी २५० रुपये झाले. तर मोठ्या गावाचा वाटा ३,३७,५००, आणि पाड्यांचे अनुक्रमे ९३,७५०, ७५,०००, ५६,२५० आणि ३७,५००. चारही पाड्यांचे मिळून २,६२,५०० रुपये होतात. एकत्रित सभेत हे ६ लाख एका मोठ्या कामाला जातात : पंचायत कार्यालयाजवळचा सिमेंट रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक. काम बरे असेलही, पण पाड्याचे अडीच लाख त्यात गेलेले असतात आणि पाड्याला ते कधीच कळत नाही, कारण त्याच्या नावाने वेगळा आकडा कुठे लिहिलेलाच नसतो. ३०० माणसांच्या पाड्याला ७५,००० रुपये थोडे वाटतील. पण उन्हाळ्यात गढूळ होणाऱ्या झऱ्याला दगडी कडे, झाकण आणि खाली जाणारा पाइप करायला पाडा स्वतः हात लावतो तेव्हा एवढ्या पैशांत काम सुरू होते. हे काम सिमेंट रस्त्याच्या कंत्राटात बसत नाही, म्हणून एकत्रित आराखड्यात ते येत नाही.

कलम ४ चा खंड (च) सांगतो की खर्च केलेल्या निधीचा विनियोग दाखला पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचा. सर्वसाधारण ग्रामपंचायतीत लेखापरीक्षण आणि अहवाल सादर करणे एवढ्यावर भागते. इथे गावाने ‘काम झाले, पाहिले’ असे म्हटल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. प्रत्यक्षात दाखला कामाच्या फायलीत सगळ्यांत शेवटी, बिल निघून गेल्यावर लागतो, आणि तोही त्याच एकत्रित सभेचा. ज्या पाड्यात काम झाले म्हणायचे, त्या पाड्याला विचारलेले नसते.

चौथी तक्रार जंगलाच्या उत्पन्नाची. गौण वनोपजाची मालकी ही पेसाने गावाला दिलेली गोष्ट आहे. वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदूपानही त्यात स्पष्टपणे घातले. ही मालकी एका लहान गावाला काय करू देते, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ने दाखवले आहे. २००९ मध्ये तिथल्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आले. ते गट ग्रामपंचायतीच्या हाती आले असते तर मेंढ्याने आपल्या जंगलाचे नियम स्वतः केले नसते. त्यांची ग्रामसभा त्यांच्याच गावात बसते, निर्णय सर्वसहमतीने करते, हे त्यामागचे कारण आहे.

तेंदूच्या बाबतीत पाड्याची स्वतंत्र सभा नसेल तर तोटा लगेच हातात दिसतो. महाराष्ट्रात प्रमाण गोणी म्हणजे १,००० पुडे आणि एका पुड्यात ७० पाने, म्हणजे एका गोणीत ७०,००० पाने. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेलकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, होते, एप्रिलअखेर ते मे महिन्यात तोडाई, आणि रोज संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून दिले जातात. ग्रामसभेने स्वतः विक्री करायची ठरवली तर तिला मजुरीशिवाय ठेकेदाराकडून रॉयल्टी मिळते. एका पाड्यात ४० कुटुंबे, प्रत्येकी ५ गोणी, म्हणजे २०० गोणी. गोणीमागे ३,००० रुपये रॉयल्टी ठरली आहे असे समजा, तर पाड्याचे ६ लाख झाले. करारनामा पाड्याच्या ग्रामसभेबरोबर असेल तर हे ६ लाख पाड्याच्या खात्यात येतात आणि कुणाचे किती पुडे होते त्याप्रमाणे वाटले जातात. करारनामा गट पंचायतीच्या नावाने असेल तर सगळ्या फळ्यांची रॉयल्टी एका खात्यात जमते. मग ज्यांनी पाने तोडलीच नाहीत तेही त्या पैशांवर ठराव करतात. आणि ठेकेदाराने शेवटचा हप्ता बुडवला तर कोणत्या पाड्याचा बुडाला हे सांगता येत नाही, म्हणून कुणालाच दावा करता येत नाही. करारनाम्यात अनामत रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि माल फळीवरून उचलण्याआधी किती पैसे जमा झाले पाहिजेत हे लिहिणे जितके गरजेचे, तितकेच तो करार कोणत्या ग्रामसभेचा आहे हे लिहिणेही. बँका मात्र पाड्याच्या ग्रामसभेचे खाते उघडायला ग्रामपंचायतीचे पत्र मागतात, कारण त्यांना पेसा गावाची अधिसूचना दाखवायला पाड्याकडे काही नसते. पहिल्या तक्रारीचा हा थेट परिणाम आहे.

पाचवी तक्रार जमिनीची, आणि तीत कायद्याच्याच शब्दांचा आधार घेतला जातो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ (३) ने अनुसूचित क्षेत्रात संपादनाआधी संमती घेणे बंधनकारक केले. निकडीच्या प्रकरणातही सूट नाही. पण संमती ‘ग्रामसभेची किंवा समुचित पातळीवरच्या पंचायतीची’ अशी लिहिली आहे. या ‘किंवा’मुळे ज्या पाड्याची जमीन जाणार त्याला वगळून पंचायतीच्या मासिक सभेचा ठराव जोडण्याची सोय झाली आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांसमोर ठेवायला सांगितला. त्या उन्हाळ्यानंतर रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या १२ ग्रामसभा एकेक करून त्या-त्या डोंगरी गावातच, न्यायाधीशाच्या उपस्थितीत भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तिथे फार लहान गावेही होती. त्यांना कुणी मोठ्या गावात बोलावून एकत्र बसवले नाही, म्हणूनच त्यांचे म्हणणे काय ते नोंदीत आले. मोठ्या खाणींच्या बाबतीत पेसाने शिफारशीचा अधिकार दिलेला नाही, तो फक्त गौण खनिजांपुरता आहे, ही कायद्याची मर्यादा आम्ही जाणतो. पण मुरूम, दगड, वाळू यांच्या लिलावासाठी शिफारस बंधनकारक आहे, आणि तीही एकत्रित सभेतूनच घेतली जाते.

तालुक्याच्या गावांबद्दल एक गोष्ट थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की पेसाच तिथून उठतो, कारण नगरपालिकांसाठी असा कायदा संसदेने केलेला नाही. त्यासाठीचे विधेयक २००१ मध्ये आले आणि तिथेच राहिले. अशा नगरपंचायतींच्या हद्दीत आलेल्या पाड्यांची ग्रामसभा एका अधिसूचनेने संपली. पुढे हद्दवाढ करताना तरी हे पाडे वगळावेत.

‘एवढ्या लहान पाड्यांना एवढा कारभार झेपेल का’ असे आपल्या बैठकांत विचारले जाते. पाड्याच्या ग्रामसभेला कार्यालय लागत नाही, कर्मचारी लागत नाहीत, निवडणूकही लागत नाही. लागते ते एक प्रोसिडिंग वही, ग्रामसभा कोषाचे एक बँक खाते, त्यावर सह्या करणारी पाड्याने निवडलेली माणसे आणि महिन्यातून एकदा येऊन वाचून दाखवणारा ग्रामसभा मोबिलायझर. मोबिलायझर आपण नेमलेलेच आहेत. त्यांना मानधन वेळेवर आणि काम पाड्यात द्या, तालुक्याची आकडेवारी भरायला बसवू नका. आराखडा संगणकावर पाडावार भरता येत नाही, हे कारणही आता पुरेसे नाही. केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने २०२४ मध्ये पेसा गावपातळीवर आराखडा भरण्यासाठी वेगळे पोर्टल सुरू केले आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. प्रत्येक तालुक्यात पेसा गाव घोषित करण्यासाठी आलेल्या ठरावांची यादी, मिळाल्याची तारीख आणि सध्याची अवस्था यांसह तहसील कार्यालयात व संबंधित पाड्यात मराठीत लावावी. नियमांतली मुदत उलटलेल्या प्रत्येक प्रस्तावावर ९० दिवसांत लेखी निर्णय द्यावा. ग्रामपंचायतीची ‘ना हरकत’ मागू नये, आणि सामूहिक वनहक्कात मान्य झालेली शीव गावाची शीव म्हणून ग्राह्य धरावी.

२. घोषित प्रत्येक पेसा गावाची वेगळी वही असावी. एकत्रित सभेचा ठराव पेसा ग्रामसभेचा म्हणून कोणत्याही कार्यालयाने स्वीकारू नये, असे परिपत्रक ग्रामविकास विभागाने काढावे. सभेची तारीख, जागा आणि वेळ गावाने ठरवावी.

३. पाच टक्के निधीचा पाडावार वाटा रुपयांत लिहून पंचायतीच्या व पाड्याच्या फलकावर लावावा. तो वाटा गावाच्या ग्रामसभा कोषाच्या खात्यावर जावा. पुढचा हप्ता देण्याआधी त्या-त्या गावाचा विनियोग दाखला पाहावा.

४. तेंदू व बांबूचे करारनामे संबंधित गावाच्या ग्रामसभेच्या नावानेच नोंदवावेत. खाते उघडण्यासाठी अधिसूचनेची प्रत पुरेशी आहे, असे पत्र जिल्हा अग्रणी बँकेमार्फत सर्व शाखांना द्यावे.

५. भूसंपादन, गौण खनिज आणि वनजमीन वळवण्याच्या प्रत्येक प्रस्तावात बाधित पाड्याच्या ग्रामसभेचा ठराव हजेरीपटासह जोडलेला असल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी तो पुढे पाठवू नये.

यांतल्या कोणत्याही मागणीला नवा कायदा लागत नाही. पहिल्या चार परिपत्रकाने होतात, पाचवी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने. कोणती मागणी मान्य आहे आणि कोणती नाही, नसेल तर कोणत्या नियमाच्या आधारे, हे आपण लेखी कळवावे. उत्तराची प्रत पाड्यांच्या ग्रामसभांत वाचून दाखवली जाईल.

आपले,
अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांबरोबर काम करणारे कार्यकर्ते व पाड्यांचे मतदार